जन्माचा दाखला उशिरा काढलाय का कुणी? अनुभव लिहा (इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा)

रामबागची_मावशी
भाचीच्या बाळाचा जन्मदाखला बारशाच्या आधीच फोनवर आला. सगळे बाळाचे फोटो बघत होते, मी दाखलाच बघत बसले. मला माझा स्वतःचा पन्नाशीत काढावा लागला होता!

लेक अमेरिकेत, तिने आमची फाईल लावली. त्यात माझा जन्मदाखला हवा. माझा जन्म ९ ऑगस्ट १९७४ ला उजाडायच्या आधी, आजोळी, ग्वाल्हेरला लष्कर भागात, घरीच, सुईणीच्या हातून. नोंद कोण करणार? आजोबांनी इंदूरला वडिलांना कार्ड टाकलं, झाली नोंद.

मी आधी इंदूरच्याच खिडकीवर गेले. मी इथली, आधार इथलं, समग्र आयडी इथला. बाबूने एकच विचारलं, "पैदा कहाँ हुईं?" ग्वाल्हेर म्हटल्यावर अर्ज परत सरकवला. जिथे जन्म तिथलाच रजिस्ट्रार, तुम्ही राहा कुठेही.

मग ग्वाल्हेर. आधी नगर निगममध्ये जुनी रजिस्टरं शोधून 'नोंद सापडत नाही' असा अनुपलब्धता दाखला घेतला. तो जोडून तहसीलीत अर्ज, कारण वर्ष उलटल्यावर निगम स्वतः नोंद करत नाही, वरून आदेश लागतो. सोबत माझं शपथपत्र, मामाचं शपथपत्र, शाळेचा दाखला, आईवडिलांचे कागद. आणि तिथे अडलं. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरमध्ये जन्मस्थान लिहिलेलं 'इंदूर'! वडिलांनी प्रवेशाच्या वेळी घरचा पत्ता सांगितला असणार, गुरुजींनी तेच खाली उतरवलं.

ते कसं सुटलं ते लिहिते, पण आधी कुकर बंद करून येते. तोवर तुम्ही लिहा.

सराफ्यातला_बंडू
एवढा खटाटोप कशाला? नोटरीकडून शपथपत्र करून घ्यायचं, तोच दाखला. माझ्या पासपोर्टला चाललं की. आणि वर्षाच्या वरचं प्रकरण असेल तर ते कोर्टात जातं, फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटकडे. वकील करावाच लागतो.

निवृत्त_बाबूराव
बंडू, निम्मं बरोबर आहे. जन्म-मृत्यू विभागात माझी नोकरी गेली म्हणून सांगतो.

१९६९ च्या कायद्यात वर्षानंतरच्या नोंदीला फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटचाच आदेश लागायचा, हे खरं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली. आता जिल्हा दंडाधिकारी, एसडीएम किंवा त्यांनी नेमलेला कार्यपालक दंडाधिकारी आदेश देतो. म्हणून मावशी तहसीलीत गेल्या. वकील केला तर हरकत नाही, पण अर्ज आपला आपणही करू शकतो.

शपथपत्र म्हणजे दाखला मात्र नव्हे. शपथपत्र हे तुमचं म्हणणं. ते खरं आहे असं अधिकाऱ्याला वाटावं म्हणून बाकीचे कागद. तुमच्या पासपोर्टला शाळेचा दाखला चालला असेल, कारण १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना इतर पुरावेही चालतात. त्यानंतरच्या लेकरांना जन्मदाखलाच लागतो.

सराफ्यातला_बंडू
असेल बुवा. माझी फाईल एजंटने केली होती. त्याने काय लावलं देव जाणे 😄

अलकापुरी_वहिनी
आमच्या बडोद्याचं सांगते. नणंदेचा मुलगा घरी झाला, गाडी यायच्या आतच. पळापळीत नोंद राहिली, सात महिने गेले. तिथे मामलतदार वगैरे काही लागलं नाही. वर्षाच्या आतलं होतं ना! अर्जावर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, किरकोळ लेट फी, झालं. सोगंदनामा तयार करून नेलेला, तो मागितलाच नाही. स्टँप पेपर अजून कपाटात आहे.

निवृत्त_बाबूराव
बरोबर. २१ दिवसांच्या आत फुकट, ३० दिवसांपर्यंत नुसती लेट फी, ३० दिवस ते वर्ष यात लेखी परवानगी. या मधल्या टप्प्याला पूर्वी नोटरीचं शपथपत्र होतं, आता स्वतः सही केलेला कागद चालतो. पण खिडकीवर काही जण अजून जुन्या सवयीने मागतात, म्हणून तुमचा स्टँप पेपर अगदीच वाया गेला म्हणू नका.

राजेंद्रनगर_इंदूर
माझा मुलगा २०१२ चा. दवाखान्यात जन्म, पण दाखलाच नाही काढला. आता हे शपथपत्र, तहसील सगळं करावं लागणार?? दहावीचा फॉर्म आहे, घाई आहे.

निवृत्त_बाबूराव
थांबा. आधी नोंद शोधा. दवाखान्याने कळवलं असेल तर नोंद असेलच, फक्त मुलाच्या नावाची जागा कोरी असेल आणि आईच्या नावावर सापडेल. मग हे उशिराचं प्रकरण नाहीच, नुसतं नाव चढवायचं आहे. नोंद झाल्यापासून १५ वर्षांच्या आत लेट फी भरून नाव चढतं. घाईघाईत नवा अर्ज केलात तर एका मुलाच्या दोन नोंदी होतील, आणि पुढे त्यातली एक काढून टाकणं हे वेगळंच लचांड.

शोधताना एक लक्षात ठेवा. जुनी रजिस्टरं नोंदीच्या तारखेने चालतात, जन्माच्या नाही. डिसेंबरचा जन्म पुढच्या जानेवारीच्या पानावर निघतो. वडिलांचं नाव हिंदीत कसं लिहिलं असेल तेही सांगा. 'कुळकर्णी' शोधून सापडत नाही, 'कुलकर्णी'त बसलेला असतो.

राजेंद्रनगर_इंदूर
सापडलं!! वडिलांच्या नावाने नव्हतं, बायकोच्या नावाने होतं. आडनाव चुकलंय पण आहे. बाबूराव, तुम्हाला पोहे-जलेबी.

रामबागची_मावशी
आले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची खिचडी झाली.

तर जन्मस्थान. तहसीलीतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, शाळेचा कागद तारखेसाठी धरू, जागेसाठी दुसरा पुरावा द्या. मामाचं शपथपत्र होतंच, पण नुसतं तोंडी. तेव्हा आईच्या ट्रंकेतून आजोबांचं ते कार्ड निघालं. पंधरा पैशांचं नाहीतर दहाचं असेल, कोपरा वाळवीने खाल्लेला. मजकूर एवढाच, "चि. सौ. सुखरूप प्रसूत होऊन कन्यारत्न झाले. गुरुवारी उत्तररात्री २ वाजून ३० मि. बाळ-बाळंतीण खुशाल. बारशास यावे." मागे लष्कर पोस्टाचा गोल शिक्का, शाई फिकी पण तारीख वाचता येते. बाईंनी भिंग मागवून पाहिला! त्याची प्रत फाईलला लागली.

मग इश्तिहार निघाला, कुणाला आपत्ती असेल तर मुदतीत कळवा म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी मी जन्मले यावर कुणाची आपत्ती असणार 😂 सासूबाई असत्या तर कदाचित!

जनकगंज_ताई
कार्डावर गुरुवार आणि २.३० म्हणजे खरी तारीख शुक्रवार, ९ ची ना? शाळेत काय होतं?

रामबागची_मावशी
शाळेत ८. आधार, पॅन, सगळीकडे ८. पत्रिकेतही गुरुवारच, कारण गुरुजींचा दिवस सूर्योदयापर्यंत चालतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीच बदलते. घरात वाढदिवस ८ लाच. मामाने शपथपत्रात "८ ऑगस्टच्या रात्री" असंच सांगितलं, तो तेव्हा सोळा वर्षांचा, कंदील घेऊन सुईणीला आणायला गेलेला. आदेशात ८ आली.

जनकगंज_ताई
म्हणजे दाखला ८ चा आणि जन्म ९ चा? शपथेवर?

निवृत्त_बाबूराव
हे अवघड आहे. माझ्या मते मामाने घड्याळाची वेळ लिहायला हवी होती आणि अधिकाऱ्याला ठरवू द्यायचं. दुसऱ्या बाजूने, सगळे कागद ८ चे असताना एकट्या दाखल्यावर ९ आली तर ती फाईल पुढे दहा ठिकाणी अडेल. मी दोन्ही प्रकारचे साहेब पाहिलेत.

सराफ्यातला_बंडू
९ ऑगस्ट म्हणजे क्रांतिदिन. मावशी, घ्यायची होती.

पागनीसपागा_काका
माझ्या सासऱ्यांचा मृत्यू १९८१ ला ग्वाल्हेरला. दाखला नाही. वाटणीसाठी हवाय. हीच पद्धत?

निवृत्त_बाबूराव
धागा जन्माचा आहे काका 🙂 पण कायदा एकच. मृत्यू जिथे झाला तिथे, आधी शोध, मग आदेश. स्मशानाची पावती मिळाली तर उत्तम.

जनकगंज_ताई
मामा हयात नसता तर मावशी काय केलं असतं? माझ्या आईचं करायचंय, तिच्या पिढीचं कुणी उरलं नाही. धाकटी मावशी आहे, ती देईल का शपथपत्र?

निवृत्त_बाबूराव
धाकटी म्हणजे आईनंतर जन्मलेली ना? मग तिला तो जन्म माहीत असणार कसा! साक्षीदाराचं आधार जोडतात, वय तिथेच दिसतं. मोठा चुलत-मावस भाऊ, शेजारचे वृद्ध, असं कुणी शोधा. कुणीच नसेल तर ऐकीव माहितीवरच शपथपत्र होईल, पण त्यात "मोठ्यांकडून ऐकलं" असं स्पष्ट लिहा आणि कागदांवर भर द्या. आणि "याआधी कुठेही नोंद केलेली नाही" हे वाक्य शपथपत्रात विसरू नका.

रामबागची_मावशी
आणि आदेश हातात आला की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. निगममध्ये आदेशात जसं तसंच उतरवतात. माझ्या आईच्या नावात एक काना जास्त पडला होता, शिक्का बसायच्या आधी दिसला म्हणून बरं. पुढे गेलं असतं तर परत तहसील.

एनआरआय_बहीण
मावशी, अमेरिकेच्या फाईलला हा दाखला पुरला का? माझ्या बाबांचा असाच काढला, त्यावर जन्म १९५१ आणि नोंदणीची तारीख २०२४. तिकडे विचारतील असं वाटतंय.

रामबागची_मावशी
विचारतात. उशिराची नोंद असेल तर जुना कागद मागतात, म्हणून शाळेचा दाखला आणि नातेवाइकांची दोन शपथपत्रं सोबतच दिली होती. ज्यांची नोंद होऊच शकत नाही त्यांचं अनुपलब्धता दाखला आणि शपथपत्रांवरही चालतं म्हणे. वकिलाला विचार हं, माझ्या भरवशावर नको.

अलकापुरी_वहिनी
मावशी तुम्ही ग्वाल्हेरला गेलात आणि गजक नाही आणलं?

रामबागची_मावशी
आणलं ना. फाईल आणि गजक एकाच पिशवीत. शपथपत्राच्या मागच्या पानाला अजून तिळाचा वास येतो.

जनकगंज_ताई
थंडीत येणार असाल तर सांगा, मी पाठवते. बडोद्यालाही. आणि बाबूराव, आईच्या मावसभावाचा नंबर मिळालाय, वय ८१. उद्या फोन करते, ऐकू कमी येतं म्हणे.