मदत हवी आहे: ट्रॅक्शनच्या पिन साइटवरचा पाठ

मुंबईतल्या ऑर्थो वॉर्डात जीएनएमच्या मुलींना स्केलेटल ट्रॅक्शन शिकवायचंय. केस: फीमर फ्रॅक्चर, टिबियात पिन. वजनं अधांतरी लोंबती ठेवणं आणि फूट ड्रॉप लवकर कळावा म्हणून पाऊल, अंगठा वर उचलायला लावणं, एवढं आउटलाइनमध्ये झालंय.

अडलंय पिनवर. सुरुवातीचे दोन-तीन दिवस थोडा पातळ, स्वच्छ स्राव चालतो. पण पसरती लाली, पू, वाढतं दुखणं किंवा सैल पिन दिसली की लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे पक्कं. खपलीबाबत मात्र पुस्तकांतच एकमत नाही, आणि आमच्या वॉर्डात लेखी प्रोटोकॉल नाही. सिस्टर रोज बिटाडीनने घासून काढतात, तेही मुली बघतातच.

तुमच्याकडे खपली काढतात की ठेवतात, ड्रेसिंग किती दिवसांनी आणि कशाने?