घनता वाढली की थर जाड होतो की पातळ?

पानगळ
प्लेटिंग शॉपमधल्या कामगारांसाठी निकेल प्लेटिंगची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. एका वाक्यावर गाडी अडली आहे: 'थराची जाडी धारा घनता आणि वेळ यांच्या सम प्रमाणात, तर घनतेच्या व्यस्त प्रमाणात असते.' ज्यांना कच्चा मजकूर वाचायला दिला त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'घनता वाढली की जाडी वाढते की कमी होते? एकाच वाक्यात दोन्ही कसं?' शब्दकोशात दोन्ही घनताच आहेत. काय करावं?

अनुस्वार
मुळात पहिली घनता चुकीची आहे. घन म्हणजे त्रिमिती. घन सेंटीमीटरमध्ये किती वस्तुमान, ती घनता. करंट मोजायचा चौरस डेसिमीटरवर, तिथे घन आला कुठून? 'प्रवाहदाटी' म्हणा. मराठीत दाटी हा सुंदर शब्द पडून आहे आणि आपण संस्कृतचं शेपूट धरून बसलोय.

उंटावरचा
मग लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला कशी चालते हो? भूगोलाच्या पुस्तकात शाळेपासून वाचतोय. घन म्हणजे दाट असाही अर्थ आहेच, घनदाट जंगल काय त्रिमितीत मोजता का?
बाकी पानगळताई, वाक्य बरोबर आहे. जड धातूचा थर पातळ बसतो एवढंच त्यात म्हटलंय. सोनं फार जड, म्हणून त्याचा थर फार पातळ.

भोसरीकर
शेवटचं अर्धंच खरं आहे, त्याकडे येतो. आधी दोन घनता कुठे कुठे बसतात ते एका जॉबवर बघू.

१० बाय ५ सेंटीमीटरचा पितळी पत्रा घ्या. दोन्ही बाजू धरून १०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ चौरस डेसिमीटर. (एकच बाजू मोजणं ही नेहमीची चूक. मग ठरवलेला करंट निम्माच पडतो आणि थरही निम्मा.) वॉट्स बाथ, रेक्टिफायरवर ४ अँपिअर, ३० मिनिटं. झाले ७२०० कूलोंब. निकेलचा अणुभार ५८.७ आणि प्रत्येक आयनाला २ इलेक्ट्रॉन लागतात, त्यामुळे सगळा करंट कामी आला तर २.१९ ग्रॅम निकेल बसेल. प्रत्यक्षात साधारण ९५ टक्के धरा, बाकीचा हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. उरले २.०८ ग्रॅम. पत्रा आधी आणि नंतर, धुऊन पूर्ण वाळवून, काट्यावर ठेवला की हाच फरक दिसायला हवा.

इथपर्यंत धातूची घनता आलेलीच नाही. आता हे २.०८ ग्रॅम किती जागा व्यापतील? ८.९ ने भागा: ०.२३४ घन सेंटीमीटर. ते १०० चौरस सेंटीमीटरवर पसरलं की २३.४ मायक्रॉन.

म्हणजे एक घनता किती ग्रॅम येणार ते ठरवते, दुसरी त्या ग्रॅमांची जाडी किती होणार ते. सूत्रात भांडण होत नाही कारण तिथे धारा घनतेला j आणि धातूच्या घनतेला ρ अशी वेगळी अक्षरं आहेत:

```
d = η · j · t · M / (n · F · ρ)
```

आता सोनं. सायनाइड बाथमध्ये सोन्याच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो आणि अणुभार १९७. एका अँपिअर-तासात ७.३५ ग्रॅम सोनं येतं, निकेल जेमतेम १.०९. सोन्याला १९.३ ने भागलं तरी १ चौरस डेसिमीटरवर ३८ मायक्रॉन होतात, निकेलचे १२. तेवढ्याच करंटला जड धातूचा थर तिप्पट जाड! घनतेचं व्यस्त प्रमाण ग्रॅम तेवढेच असतील तरच खरं.

उंटावरचा
मग सोन्याचा मुलामा एवढा पातळ का असतो?

भोसरीकर
भावामुळे. आणि सोन्याच्या बाथला करंटही डेसिमीटरला ४ अँपिअर देत नाहीत, बहुतेक वेळा एकाच्याही खाली असतो.

सोनसाखळी
विषय निघालाच आहे तर विचारते. एक ग्राम सोन्याचं मंगळसूत्र घेतलं, दुकानदार ३ मायक्रॉन म्हणाला होता. वाट्यांच्या मागून तांबं दिसायला लागलंय. हे विद्युत विलेपन की मुलामा? आणि फसवलं का?

भोसरीकर
ताई, हिशेब उलटा करा. दागिन्याचं एकूण क्षेत्रफळ १ चौरस डेसिमीटर धरलं तर ३ मायक्रॉनला ०.०३ घन सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ ०.५८ ग्रॅम सोनं. तेवढ्या सोन्याची किंमत दागिन्याच्या किमतीत मावते का बघा. नसेल मावत तर ३ मायक्रॉन नाहीत. मागची बाजू घासली जाते आणि आतल्या खोबणीत करंट कमी पोचतो, म्हणून तिथे आधी जातं.

अनुस्वार
मुलामा अरबीतून आलाय, कल्हईसुद्धा. विलेपन निदान आपलं आहे. दहावीच्या पुस्तकात तर कल्हईलाही कथिलीकरण केलंय, ते मात्र जरा अतिच झालं.

उंटावरचा
दाटी हवी पण मुलामा नको? शुद्धता सोयीनुसार दिसतेय. कल्हईवाल्याला 'कथिलीकरण करून द्या' म्हणून बघा, भांडं घेऊन पळेल.

पानगळ
अहो, माझं वाक्य! भोसरीकर, शॉपमध्ये प्रत्यक्ष काय म्हणतात?

भोसरीकर
'एएसडी', म्हणजे चौरस डेसिमीटरला अँपिअर. 'चार एएसडीला अर्धा तास लाव.' जुनी माणसं एएसएफ म्हणतात, म्हणजे चौरस फुटाला अँपिअर, आणि तिथे खरा घोटाळा होतो. १ एएसडी म्हणजे साधारण ९.३ एएसएफ. जुन्या कागदावरचे ४० एएसएफ एएसडी समजून लावले तर जॉब जळतो: कोपरे काळपट, खरखरीत, नखाने भुकटी निघते. पुस्तिकेत नुसता आकडा कधीच छापू नका.

मी लिहिलं असतं: 'चौरस डेसिमीटरला जेवढे अँपिअर जास्त, तेवढा थर लवकर चढतो. जाडी काढताना मिळालेल्या वजनाला धातूच्या घनतेने भागायचं.' शब्द हवाच असेल तर 'करंट घनता' आणि 'धातूची घनता'. पूर्ण लिहा, 'घनता' एकटी सोडू नका.

पानगळ
करंट का? पाठ्यपुस्तकात विद्युतधारा आहे.

भोसरीकर
धारा म्हटलं की पोरं पत्र्याची धार समजतात. गंमत अशी की करंट धारेवरच गोळा होतो. वरचे २३.४ मायक्रॉन ही सरासरी आहे. त्याच पत्र्यावर मध्यभागी १६-१७ आणि कोपऱ्यांना ३५ मिळू शकतात, वजन मात्र चोख बरोबर येईल. 'किमान २० मायक्रॉन' अशी मागणी असेल तर हा जॉब मध्यभागी नापास. उपाय म्हणजे अ‍ॅनोड आणि जॉबमधलं अंतर वाढवणं, कडेला करंट चोरणारी तार लावणं, नाहीतर एएसडी उतरवून वेळ वाढवणं. आणि जॉब टांगायच्या जिगच्या हुकांवरचं कोटिंग उडालं असेल तर तिथेही निकेल चढतं. मग वजनही कमी भरतं.

अनुस्वार
म्हणजे कडेला करंटची दाटी होते. तुम्हीच सिद्ध केलंत.

उंटावरचा
त्यांनी 'गोळा होतो' लिहिलंय. 'करंट गोळा' ठेवायचं का मग?

पानगळ
पुस्तिकेत 'करंट घनता' टाकतेय, पहिल्या ठिकाणी कंसात एएसडी. संपादक विद्युतधारा करून परत पाठवतील अशी भीती आहे. 'करंट चोरणारी तार' याला काही शब्द आहे का?

भोसरीकर
आम्ही चोर म्हणतो.

अनुस्वार
प्रवाहहारक.