मदत हवी आहे: लग्नाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदाच जातेय

मी २३ वर्षांची, अविवाहित. तीन महिने पाळी आली नाही, हनुवटीवर केसही वाढलेत. परवाची अपॉइंटमेंट घेतली आहे. शेवटच्या चार-पाच पाळींच्या तारखा लिहून ठेवल्यात, कारण पहिला प्रश्न तोच असतो म्हणे.

मैत्रिणीची तपासणी वजन, बीपी, रक्ताची चाचणी आणि पोटावरून सोनोग्राफी एवढ्यावरच आटोपली. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते, तिला तेच सगळ्यात कठीण गेलं! आतून तपासणी आपल्या संमतीशिवाय करत नाहीत, हेही तिने सांगितलं.

माझी खरी भीती वेगळीच आहे. शरीरसंबंध आले आहेत का, हे विचारतीलच. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणीही करतात, म्हणून खरं सांगायला हवं हे कळतं. पण आई शेजारी बसलेली असेल. 'मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय' हे तिला न दुखावता कसं सांगू? आधीच रिसेप्शनला फोन करून सांगितलं तर चालतं का? आणि डॉक्टरांनीच 'लग्न झालेलं नाही ना?' असं टोचून विचारलं, तर तुम्ही काय उत्तर दिलंत?