गणपतीपुळे सहलीच्या कोटेशनमधले तास

"दुसरा दिवस: कोल्हापूर-गणपतीपुळे, १४५ किमी, ३ तास. बरोबर वाटतं का?"

किमी ठीक आहेत, तास मात्र मोटारीचे लावलेत. मोठी बस आंबा घाटात रांगतच उतरते. चहा-नाश्त्यासकट पाच तास धरा. म्हणजे जेवण आणि दर्शन, दोन्ही पुढे ढकलली जाणार.

मला तिसरा दिवस जास्त खटकतोय. पुळे ते पुणे सव्वातीनशे किमीच्या आसपास, एकाच ड्रायव्हरवर. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती; तेच माप धरा. त्यामुळे कऱ्हाडला मुक्काम किंवा दुसरा ड्रायव्हर, यातलं एक लेखी घ्या. शिवाय मुक्कामापुढे 'गणपतीपुळे परिसर' लिहिलं असेल, तर हॉटेलचं नावच टाकायला सांगा.