झोन ३ चा स्वॅब पॉझिटिव्ह, माल अडवायचा का?

> "गटारीच्या जाळीवर लिस्टेरिया या जिवाणूची स्पीशीज सापडली, माल रोखायचा का? मी 'हो' लिहिलं, मार्क कापले."

बरोबर कापले. पनीरच्या प्लांटात मालाला टेकणारी जागा झोन १, मालापासून लांब जाल तसा आकडा वाढतो. जाळी झोन ३ मध्ये येते, पनीर तिला टेकत नाही. माल अडवायचा प्रश्न झोन १ ला, म्हणजे पात्याला किंवा पट्ट्याला पॉझिटिव्ह आलं की येतो. इथे लिहायचं ते असं: जाळी उघडून घासा, मग मशीनचा सांगाडा, बटणांची पेटी (झोन २) असे स्वॅब वाढवत पट्ट्याकडे सरका. आमच्या लातूरकडच्या प्लांटात प्रेशरच्या पाइपने गटार धुताना उडालेले तुषारच सांगाड्यावर बसले होते. आणि हो, स्वॅब काम सुरू होऊन तीन-चार तास झाल्यावर घ्यायचा. सॅनिटायझर मारल्या मारल्या घेतला तर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, हेही लिहा.