हापूसच्या पेटीवरील लेबल : पीडीएफमधून एसव्हीजी

> “देवगडच्या आमच्या बागेचे लेबल पीडीएफमध्ये आहे. एसव्हीजी केल्यावर जोडाक्षरे तुटतात आणि पीएनजीमागे पांढरा चौकोन राहतो.”

जोडाक्षरे तुटतात, कारण पीडीएफ इंकस्केपसारख्या चित्रसंपादकात उघडताना मजकूर अक्षर म्हणूनच आयात होतो आणि मूळ फॉन्ट संगणकावर नसल्यास दुसरा वापरला जातो. पॉपलर या पीडीएफ साधनांच्या संचातील पुढील आज्ञा अक्षरांचे आकार रेषांच्या रूपात उतरवते, त्यामुळे ‘रत्नागिरी’मधील ‘त्न’ जसाच्या तसा राहतो; मात्र नंतर तो मजकूर टंकून बदलता येत नाही, म्हणून भाव किंवा फोन क्रमांक आधीच तपासून घ्यावेत.

```
pdftocairo -svg -f 1 -l 1 label.pdf label.svg
```

पांढऱ्या चौकोनाचे कारण वेगळे आहे. पीडीएफच्या पानाला मुळात पार्श्वभूमी नसते. परंतु रचनाकाराने खाली पांढरा आयत काढला असेल, तर `-png -transp` हे पर्याय देऊनही तो राहणारच. एसव्हीजी इंकस्केपमध्ये उघडावी, Ctrl धरून कडेच्या कोऱ्या भागावर क्लिक करावे आणि संपूर्ण पानाएवढी निवड दिसल्यास तो आयत पुसून तेथूनच पीएनजी निर्यात करावी.

एसव्हीजी मोठी केल्यावर कडा दातेरी दिसल्या, तर मूळ पान बहुधा स्कॅन केलेले आहे. तेव्हा छापखान्याकडून मूळ फाइल मागवणेच मला योग्य वाटते.