रेसच्या पूलचं गणित: 9-2 दिसत होतं, हातात 20 डॉलरवर 82 आले. मदत हवी आहे

शिरीष_एडिसन
नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीत एका रेसट्रॅकवर 5 नंबरच्या घोड्यावर विनचं 20 डॉलरचं तिकीट काढलं. तेव्हा बोर्डवर 9-2 होतं. विन पूल 12,000 डॉलर आणि त्यातले 1,800 पाच नंबरवर. घोडा जिंकला. 20 वर 110 मिळतील असं धरून चाललो होतो, मिळाले 82. इथल्या विन पूलमधून 17 टक्के कापतात हे माहीत आहे, पण 110 मधून 17 टक्के काढले तरी 91 उरतात. बाकीचे कुठे गेले? शेवटी बोर्डवर पूल 30,000 आणि पाच नंबरवर 6,000 दिसत होते.

पुणेकर_राजा
टॅक्स कापला असेल. आपल्याकडे रेसवरच्या बेटिंगचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 40 टक्के झालाय. मी तर पुण्याच्या सीझनला टोट सोडून बुकीकडेच जातो. त्याने लिहून दिलेला भाव मागाहून बदलत नाही.

शिरीष_एडिसन
राजाभाऊ, हे अमेरिकेतलं आहे, जीएसटीचा इथे संबंध नाही.

मंदार_के
टोट म्हणजे पूल, त्यात कपात असतेच. फिक्स्ड ऑड्समध्ये कपातच नाही. जो भाव दिसतो तोच मिळतो, त्यामुळे दीर्घकाळात फिक्स्डच फायद्याचं. न्यू जर्सीत तेही मिळतं, तिकडे वळा.

अनघा_देव
शिरीष, गोंधळ एकाच जागी आहे. कपात तुमच्या जिंकलेल्या रकमेतून होत नाही. ती आधीच अख्ख्या पूलमधून काढून घेतात आणि बोर्डवरचा भाव त्यानंतरचा असतो. तुमच्याच आकड्यांवर बघा. 12,000 मधून 17 टक्के गेले की 9,960 उरतात. त्याला 1,800 ने भागलं की डॉलरमागे साधारण 5.53. त्यातला एक डॉलर तुमचाच, म्हणून बोर्डवर 9-2.

गेट उघडेपर्यंत आणखी 18,000 आले आणि त्यातले 4,200 तुमच्याच घोड्यावर. आता 30,000 चे 24,900 उरले, भागिले 6,000, म्हणजे 4.15. बहुतेक राज्यांत हा आकडा डॉलरमागे 10 सेंटच्या टप्प्यावर खाली आणतात, त्याला ब्रेकेज म्हणतात. म्हणून 4.10, आणि 20 वर 82. तुमचे 110 वरून 83 झाले ते उशिरा आलेल्या पैशामुळे. ब्रेकेजने गेला फक्त एक डॉलर. कपात नसतीच तर 100 मिळाले असते.

मोठा फेव्हरिट असला की ब्रेकेज जास्त झोंबतं. 1.19 यायला हवे तिथे 1.10 हातात पडतात, म्हणजे जवळपास अर्धा नफा गेला. केंटकीने 2022 पासून सेंटपर्यंतचा हिशेब सुरू केला तो म्हणूनच.

मंदार, फिक्स्डमध्येही कपात आहे, फक्त ती भावातच मुरलेली असते. प्रत्येक घोड्याच्या मिळणाऱ्या एकूण रकमेचा व्यस्तांक घ्या, 4.50 असेल तर 1/4.50, आणि सगळ्यांची बेरीज करा. ती 100 टक्के कधीच येत नाही. 120 आली तर बुकीचा वाटा साधारण 16.7 टक्के, म्हणजे पूलइतकाच.

मंदार_के
बेरीज करून पाहिली नव्हती, आता करतो. पण शेवटच्या मिनिटाला भाव पडत नाही, हा फायदा तर खरा ना?

अनघा_देव
हो, तेवढा खरा. शिरीषना आधी फिक्स्ड 7-2 मिळाला असता तर 20 वर 90 आले असते, 82 पेक्षा चांगले. पण उलटही होतं. उशिराचा पैसा दुसऱ्या घोड्यावर गेला तर पूलमधला तुमचा भाव वाढतो, आणि फिक्स्डवाला तिथेच अडकून राहतो. शिवाय सतत जिंकणाऱ्याची रक्कम बुकी मर्यादित करतो. पूलला कोण जिंकलं याने फरक पडत नाही, त्याची कपात ठरलेली.

शिरीष_एडिसन
आता हिशेब लागला. पण हा उशिराचा पैसा येतो कुणाचा? गेट उघडल्यावरही आकडे हलत होते.

अनघा_देव
बराचसा संगणकावर हिशेब करून खेळणाऱ्या मोठ्या गटांचा. त्यांना कपातीतला काही भाग परत मिळतो, म्हणजे त्यांच्यासाठी 17 टक्के खरे 17 नसतात. म्हणून ज्या भावात आपल्याला तोटा, तिथे त्यांना थोडं सुटतं. बेट गेटआधीच बंद होतात, पण बाहेरच्या केंद्रांवरचे पैसे बेरजेत यायला थोडा वेळ लागतो, म्हणून बोर्ड नंतरही हलतं.

पुणेकर_राजा
मग शेवटचा भाव आधी ओळखायचा कसा?

अनघा_देव
खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही. त्याच घोड्याचा फिक्स्ड भाव आणि पूलचा भाव शेजारी ठेवून बघते. पूल बराच वर असेल तर तो खाली येईल असं धरते, पण लहान पूलमध्ये हा अंदाज वारंवार चुकतो. कुणाकडे याहून बरं काही असेल तर लिहा.